छागळीतले भूत

महाकाव्य पडद्यावर आणणाऱ्याची एक सोय असते आणि तीच त्याची अडचणही असते. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. कुरुक्षेत्रावर कोण पडणार हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असते. म्हणून तिथे कथाकाराचे स्वातंत्र्य शेवटात नसते. गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची, यात असते. दूरदर्शनच्या १९८८ ते १९९० मधल्या ‘महाभारता’चे संवाद लिहिणाऱ्या राही मासूम रझांनी ती प्रत्यक्ष काळाच्या तोंडी दिली आणि कोणाही वाचकाला-प्रेक्षकाला ते परके वाटले नाही. लोककथेचे मात्र तसे नाही. तिला पोथी नाही, तिच्या शेवटावर पहारा नाही. ज्याला वाटेल त्याने तो फिरवावा. मग पहारेकरी नसलेल्या घरात शिरणाऱ्याने काय पाळावे, हा प्रश्न उरतो. आम्हांला तो एका राजस्थानी भुताच्या गोष्टीने पुन्हा पुन्हा विचारला आहे.

ही गोष्ट विजयदान देथा यांची. जोधपूरजवळच्या बोरुंदा गावात राहून, गावच्या बायाबापड्यांकडून ऐकलेल्या कथा त्यांनी ‘बातां री फुलवाड़ी’च्या चौदा खंडांत राजस्थानी भाषेत लिहून काढल्या. त्यांतली ‘दुविधा’ थोडक्यात अशी : एका सावकाराचा मुलगा नवी नवरी घेऊन गावी निघाला आहे. वाटेत झाडावरचे एक भूत तिला पाहते आणि तिच्या प्रेमात पडते. नवऱ्याचे लक्ष मात्र लग्नाच्या खर्चाच्या हिशोबात. घरी पोचताच मुहूर्त चांगला म्हणून तो पाच वर्षांसाठी व्यापाराला परदेशी निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. सासऱ्याला रोज पाच मोहरा मिळू लागतात, त्यामुळे मुलगा इतक्यात परत का आला हे तो फारसे खोदून विचारत नाही. बायकोला दिवस गेल्याची बातमी खऱ्या नवऱ्यापर्यंत पोचते, तो धावत येतो आणि एकाच चेहऱ्याचे दोन पुरुष दारात उभे राहतात.

न्याय मागायला सगळे राजाकडे निघतात, पण वाटेतच एक धनगर निवाडा करून टाकतो. तो दोघांना काही कामे सांगतो आणि शेवटी आपली कातडी छागळ पुढे करून म्हणतो, जो खरा असेल त्याने आत शिरावे. माणसाला ते कसे जमणार? भूत शिरते. धनगर तोंड आवळून बांधतो आणि छागळ नदीत जाते.

ही युक्ती जुनी आहे आणि कितीतरी देशांत ती सापडते. अलिफ लैलातला कोळी आठवा. एवढा मोठा जिन्न एवढ्याशा भांड्यात मावत होता हे मी कसे मानू, असे म्हणून तो त्याला परत आत घालतो. अशा गोष्टींत ऐकणाऱ्याचा सारा आनंद शहाणपणाचा असतो. खरा कोण, खोटा कोण, हे कोडे सुटले की गोष्ट संपली. कोड्याला भावना नसतात.

देथांनी कोडे तसेच ठेवले, पण त्याच्या आत एक गोष्ट अशी घातली की कोडे सुटूनही आपली सुटका होत नाही. साऱ्या गावाला फसवणारे भूत त्या बाईला फसवत नाही. पहिल्याच रात्री ते तिला सांगते, मी तुझा नवरा नाही, मी कोण आहे ते ऐक आणि मग ठरव. सात फेरे घेतलेल्या माणसाने जाताना तिला विचारले नव्हते. सासऱ्याने विचारले नाही, धनगराने तर नाहीच. साऱ्या कथेत तिची इच्छा विचारणारा एकच जण आहे आणि तो माणूस नाही. एवढ्यावरून पाहा : धनगराचा निवाडा अचूक आहे, खरा नवरा सापडला आहे, आणि तरीही अन्याय झाला आहे. निवाडा खरेखोटेपणाचा होता, तिच्याबद्दलचा नव्हताच. शिवाय भूत छागळीत का शिरले? तिला गमवायचे नव्हते म्हणून. त्याच्या प्रेमाचाच फास केला गेला.

मणी कौल यांनी १९७३ साली यावर ‘दुविधा’ याच नावाचा चित्रपट केला आणि तो बोरुंद्यातच चित्रित केला. नवरी रायसा पदमसी, नवरा रवी मेनन. इथे पात्रे फार थोडे बोलतात. पडद्यामागचा आवाज गोष्ट सांगतो आणि चित्र मध्येच गोठून थांबते. नवरीचा चेहरा स्थिर होतो नि आपण त्याच्याकडे पाहत राहतो. अनेकांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटतो, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्या थांबण्यात अर्थ आहे. जिला बोलण्याची जागाच नाही, तिच्या गप्प बसण्याला कौल यांनी पडद्यावरचा वेळ दिला. शेवट त्यांनी बदलला नाही. भूत गेले, नवरा घरात आला, ती होती तिथेच राहिली.

२००५ साली अमोल पालेकरांनी हीच कथा ‘पहेली’ म्हणून सांगितली. शाहरुख खान दोन्ही रूपांत, राणी मुखर्जी लच्छी, अमिताभ बच्चन धनगर. रंग, गाणी, उंटांची शर्यत. गोष्ट सांगायला दोन कठपुतळ्या, त्यांना आवाज नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे. भुताने खरे सांगण्याचा प्रसंग पालेकरांनी मन लावून केला आहे. शेवट मात्र फिरवला. भूत छागळीतून निसटते आणि नवऱ्याच्याच, किशनच्या, शरीरात शिरते. लच्छीला तिचा प्रियकर मिळतो, लोकांच्या नजरेत घर अबाधित राहते, प्रेक्षक समाधानाने उठतो.

हा शेवट केवळ गल्ल्यासाठी केला, असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे एक नैतिक बाजू आहे. बाईने मन ऐकले की तिच्या वाट्याला शिक्षाच यायची, अशा हजारो गोष्टी आपण ऐकल्या आहेत. एखाद्या कथाकाराला वाटले की हिला तरी सुख मिळू दे, तर त्यात गैर काय? स्त्रीची निवड मान्य करणारा शेवट आम्हांलाही हवासा वाटतो.

अडचण वेगळीच आहे. किशन कुठे गेला? देह त्याचा आहे, आत दुसराच बसला आहे. त्या पोराचा अपराध एवढाच की बाप म्हणाला तेव्हा तो उठला आणि गेला. मूळ कथेत भुताने नवऱ्याचे रूप उसने घेतले होते, माणूस तिकडे परदेशात जिवंत होता. नव्या शेवटात भुताने माणूसच घेतला. चित्रपट त्यापाशी क्षणभरही थांबत नाही. ज्या भुताचा मोठेपणा विचारण्यात होता, ते इथे कोणालाच विचारत नाही. किशनलाही नाही आणि हे करण्यापूर्वी लच्छीलाही नाही. शेवट बदलल्याची आमची तक्रार नाही. शेवट बदलताना भुताचा स्वभाव बदलला आणि तो बदलला आहे हे आपल्याला कळू दिले नाही, ही तक्रार आहे.

कोणी म्हणेल, परीकथेत इतका हिशोब कशाला? पण हिशोब देथांनीच मांडून ठेवला आहे. त्यांच्या कथेत तो सावकारी पोर वरातीच्या वाटेवर खर्चाची बेरीज करत बसतो आणि त्या बेरजेत शेजारी बसलेली नवरी धरायची राहून जाते. ‘पहेली’च्या शेवटी तशीच एक बेरीज होते. तिच्यात लच्छी धरली आहे, भूत धरले आहे, पाळण्यातले मूलही धरले आहे. ते मूल मोठे होईल, बापाचे नाव किशन सांगेल, आणि त्या नावाचा माणूस कुठे आहे हे घरात फक्त दोघांना ठाऊक असेल.