प्रत्येक आकड्याला पत्ता हवा

१५ मार्च १९८६ रोजी सिंगापूरमध्ये 'हॉटेल न्यू वर्ल्ड' ज्या सहा मजली इमारतीत होतं, ती इमारत मिनिटभराच्या आत कोसळली. ३३ माणसं गेली. भूमिगत रेल्वेच्या खोदकामापासून गॅसच्या स्फोटापर्यंत सगळे संशय चौकशीत तपासले गेले, आणि मूळ कारण कागदावर सापडलं. कॉलमचं गणित करताना माणसं, सामान वगैरेंचा वापरभार धरला होता, पण इमारतीचं स्वतःचं वजन धरायचं राहून गेलं होतं. तरीही ती इमारत सुमारे पंधरा वर्षं उभी होती, लोक तिथे राहत होते, कामाला येत होते.

ही चूक जुन्या काळची, हातानं गणित करणाऱ्यांची, असं कुणी समजू नये. स्टॅडमध्ये स्वभार धरला जातो तो एका ओळीमुळे:

```
SELFWEIGHT Y -1
```

ही ओळ राहिली तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही. सुबक आलेख काढतो, कॉलमचा आकार सांगतो, शंभर पानं छापून देतो. ती शंभर पानं चाळणाऱ्या तपासनिसाला ही उणीव दिसेल कशी? ती दिसण्याची एकच वाट आहे. अहवालाच्या सुरुवातीला भारांची गृहीतकं अशी लिहिलेली हवीत, की तपासणाऱ्याला हातानं बेरीज करून शेवटच्या उत्तराशी ताडता येईल.

पुण्यातली एक साधी इमारत समजा. खाली पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक स्लॅब ४०० चौरस मीटर. स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर आणि काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरलं, की चौरस मीटरला साधारण ३.१ किलोन्यूटन आले. लादी आणि खालचा मसाला मिळून १.५. भिंतींची सरासरी ३, बीम-कॉलमचे २.५. बेरीज झाली सुमारे १०. गच्चीवर भिंती नसल्या तरी ब्रिकबॅट कोबा असतो आणि तो चांगलाच जड असतो, म्हणून ढोबळ हिशेबाला आठही स्लॅब सारखे धरायला हरकत नाही. एकूण कायमभार ३२ हजार किलोन्यूटनच्या आसपास. आता प्रोग्रॅमनं पायाशी दिलेली कायमभाराची बेरीज पाहायची. ती ३१ किंवा ३३ हजार असेल तर पुढे जावं. ती १४ हजार दिसली, तर स्लॅब, बीम आणि कॉलम यांचं स्वतःचं वजनच गायब आहे. सिंगापूरची चूक इथे पाच मिनिटांत पकडली जाते. पण त्यासाठी ३.१, १.५, ३ आणि २.५ हे चार आकडे अहवालात सुटे लिहिलेले हवेत, आणि त्यांच्याखाली पायाशी आलेली बेरीजही.

आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत त्याऐवजी काय असतं? 'सर्व भार संबंधित आयएस कोडनुसार.' हे वाक्य लिहिणं मी गैर मानतो. त्यात कुठलीच माहिती नाही, आणि जबाबदारी मात्र कोडावर ढकललेली आहे. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात घरातल्या खोलीला २ किलोन्यूटन आहेत, बाल्कनीला ३. तिसऱ्या भागाच्या नकाशात पुण्याचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबईचा ४४. मुंबईच्या कामाचा अहवाल पुण्याच्या कामाला चिकटवला, की असे आकडे मुकाट्यानं गावं बदलतात. 'कोडनुसार' हे वाक्य मात्र दोन्हीकडे तसंच खरं वाटत राहतं.

भिंतींचं उदाहरण तर रोजचं आहे. १५० मिलिमीटर जाडीची, २.५५ मीटर उंचीची भिंत घ्या. एएसी ब्लॉकचं वजन ओलाव्यासकट घनमीटरला ८ किलोन्यूटन धरलं, तर दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह बीमच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ४.४ किलोन्यूटन येतात. बांधताना ब्लॉक मिळाले नाहीत आणि साइटवर भाजलेल्या विटा आल्या, तर तोच आकडा ९ होतो. दुप्पट. अहवालात नुसतं 'भिंतींचा भार ४.४' असेल तर साइटवरच्या माणसाला काहीच कळणार नाही. 'एएसी ब्लॉक, १५० मिलिमीटर, घनमीटरला ८ किलोन्यूटन. सामग्री बदलल्यास डिझाइनरला कळवणे' असं लिहिलं, आणि तेच शब्द कामाच्या ड्रॉइंगवरही उतरवले, तर सुपरवायझर निदान फोन तरी करतो.

भूकंपाच्या बाबतीत हा माग आणखी लांबपर्यंत जातो. आयएस १८९३ मधला 'आर' हा गुणांक ५ धरला, तर भूकंपाचं बळ ३ धरल्याच्या तुलनेत साठच टक्के उरतं. ही सवलत फुकट मिळत नाही. आयएस १३९२० प्रमाणे सळया बांधायच्या, बीम-कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ घ्यायच्या आणि रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवायचे, या बोलीवर ती मिळते. गणितात ५ आणि ड्रॉइंगमध्ये काटकोनी हूक, असं झालं तर ती घरात राहणाऱ्यांची फसवणूक आहे, हेतू असो वा नसो. म्हणून 'आर = ५' या ओळीसमोर कलमाचा क्रमांक हवा आणि तो तपशील दाखवणाऱ्या ड्रॉइंगचा क्रमांकही हवा.

कोडाचं वर्षही टाळता येत नाही. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत साध्या निवासी इमारतीला महत्त्व-गुणांक १ होता. २०१६ च्या आवृत्तीनं २०० हून अधिक माणसं राहणाऱ्या निवासी इमारतीला तो १.२ केला. म्हणजे बळ वीस टक्क्यांनी वाढलं. 'अद्ययावत आवृत्ती' असं लिहिणाऱ्याच्या मनात कुठली आवृत्ती होती, हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

फी तुटपुंजी असते, बिल्डरला ड्रॉइंग कालच हवं असतं, हे मला ठाऊक आहे. पण हे आकडे डिझाइनरनं तसेही ठरवलेलेच असतात. त्याशिवाय मॉडेल पुढे सरकतच नाही. ठरवलेलं लिहून ठेवायचं, एवढंच मागणं आहे. आणि तपासणाऱ्यांनाही सांगायला हवं: ज्या अहवालात बेरीज ताडता येत नाही, तो सही न करता परत पाठवा. सिंगापूरनं त्या दुर्घटनेनंतर १९८९ च्या कायद्यानं मान्यताप्राप्त तपासनीस आणला आणि डिझाइनची स्वतंत्र छाननी त्याच्यावर सोपवली. आपल्याकडे प्रूफ चेकिंग म्हणजे त्याच फाइलवर दुसरा शिक्का, असं अनेक ठिकाणी झालं आहे.

याची किंमत पुढे सोसायटीचे सभासद मोजतात. मुंबईत ३० वर्षं झालेल्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तपासायला आलेला इंजिनिअर हातोड्यानं काँक्रीटचा कठीणपणा अजमावतो, सळई किती गंजली ते पाहतो. पण गच्चीला भार किती धरला होता, हे कुठल्याच यंत्रातून कळत नाही. समितीला वर २० हजार लिटरची टाकी बसवायची असते. नुसत्या पाण्याचे २०० किलोन्यूटन कुठल्या कॉलमला सोसतील, हे विचारायला मूळ डिझाइनर हयात नसतो किंवा त्याचं ऑफिस बंद झालेलं असतं. म्हणून ताबा घेताना सोसायटीनं भोगवटा प्रमाणपत्राबरोबर हा गृहीतकांचा अहवालही मागावा, तो सही-तारखेसह घ्यावा आणि ड्रॉइंगच्या संचासोबत दप्तरात ठेवावा.