पाच प्रश्न

वरुडजवळच्या एका संत्रा बागाईतदाराच्या पुतण्यानं पिवळ्या पडलेल्या पानांचा फोटो अकोल्याच्या तज्ज्ञांना पाठवला आणि त्याच रात्री तो पुण्याला निघून गेला. सकाळी तज्ज्ञांनी फोटो उघडला तर सगळं पुसट. काकांकडे साधा बटणांचा फोन, म्हणजे दुसरा फोटो येणं नव्हतंच.

"साहेब, पानं पिवये पडले जी. शेजारी म्हणते युरिया टाका."

"थांबा काका, टाकू नका. बागेत जा आणि मी विचारतो तेवढं पाहून सांगा."

पहिला प्रश्न, नेमकं काय पिवळं पडलंय? फक्त पानं, फळं ठीक आहेत. किती वर्षांची झाडं? आठ.

दुसरा प्रश्न जागेचा होता आणि तिथे तज्ज्ञ रेंगाळले, कारण अर्धं निदान त्यातच असतं. झाडाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतून नव्या पालवीकडे सरकतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह तसं सरकत नाही. ते कमी पडलं की फटका नव्या पालवीला बसतो. काका म्हणाले, "शेंड्याचीच जी. खालची हिरवीगार हायेत."

युरियाचा प्रश्न तिथेच मिटला.

तिसरा, पान केवढं? जस्त कमी असेल तर नवी पानं बारीक आणि अरुंद येतात. इथे ती नेहमीएवढीच होती. चौथा प्रश्न रंगाचा. "पिवळं म्हणजे सगळंच पान का? शिरा कशा आहेत?" काकांनी पान उन्हाकडे धरलं. मधला भाग फिकट पिवळा आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी.

पाचवा, आजूबाजूला काय? हे काकांनी न विचारताच सांगायला हवं होतं. पण नेहमी डोळ्यांसमोर असलेलं सांगायचं कुणाला सुचत नाही. पिवळी झाडं फक्त खालच्या कोपऱ्यात होती. तिथे पावसाचं पाणी तुंबतं आणि खणलं की मातीत चुनखडीचे पांढरे खडे निघतात.

"मग हे लोहाचं दिसतं," तज्ज्ञ म्हणाले. "चुनखडीच्या ओल्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. वरून हिराकस टाकलं तरी तेही तिथेच अडकेल. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. बुंध्यावर डिंक आहे का तेही बघा. असेल तर रोग वेगळा, लगेच फोन करा."

"डिंक नाही जी. पण चर काढूनबी फरक नाही पडला तं?"

"पुढची पालवी बघा. ती हिरवी आली तर आपण बरोबर. नाही आली तर थोडी पानं आणि माती घेऊन विद्यापीठात या. दोन अन्नद्रव्यं एकदम कमी असली तर खुणा एकमेकींत मिसळतात. मग तपासणीशिवाय फोनवर काही सांगणं बरोबर नाही."

काकांनी कुदळ उचलली.