मोहोरबंद पत्राची साक्ष

मुंबईच्या फोर्ट भागात अलेक्झांड्रा गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन ही मुलींची जुनी शाळा आहे. मुलींना इंग्रजी शिकवणं पुष्कळांना खपत नव्हतं अशा काळात, 1863 साली, माणेकजी कर्सेटजी यांनी ती काढली. या शाळेत 31 जानेवारी 2014 रोजी एक कालकुपी पुरण्यात आली. द्विशताब्दी डोळ्यांसमोर ठेवून ती उघडण्याची तारीख ठरली आहे 1 सप्टेंबर 2062. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं आहेत. कुपी पुरली त्या दिवशी तेरा वर्षांची असलेली मुलगी ती उघडताना एकसष्टीला आलेली असेल. कदाचित ती समोर असेल, कदाचित नसेल. अशा कुपीत एखाद्या मुलीने पत्र ठेवलं, तर ते वाचणारा माणूस बहुधा तिला अनोळखीच असतो. त्या अनोळखी माणसाला तिच्याकडून नेमकं काय हवं असतं, याचा विचार पत्र लिहून घेणारे फारसा करत नाहीत.

मोठ्या माणसांनी भविष्यासाठी लिहिलं की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून 15 ऑगस्ट 1973 रोजी इंदिरा गांधींनी लाल किल्ल्यात ‘कालपात्र’ पुरलं. आत देशाचा इतिहास होता. तो कुणाच्या बाजूने लिहिला, कुणाची नावं गाळली, यावरून रणं माजली. सरकार बदललं आणि डिसेंबर 1977 मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत ते उकरून काढलं गेलं. दूरच्या पिढ्यांसाठी पुरलेली वस्तू साडेचार वर्षंही जमिनीत राहिली नाही. आपण कसे आठवले जावे हे ज्यांना ठरवायचं असतं, त्यांच्या मजकुरात पुढच्यांना माहिती कमी आणि फर्मान जास्त सापडतं.

शाळकरी मुलीच्या पत्राचं मोल वेगळ्या कारणाने आहे. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नसतं, आणि मोहोर लागल्यावर तिला त्यात दुरुस्तीही करता येत नाही.

गिरणगावचं उदाहरण घेऊ. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि परळ-लालबागचं जगणं कायमचं बदललं. त्या लोकांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मोठ्या कष्टाने गोळा केल्या, त्या 2004 साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आल्या. हे काम अमोल आहे. पण सांगणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. गिरण्या गेल्या हे ठाऊक असलेला माणूस भोंग्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात ते जाणं मिसळलेलं असतंच. त्याला इलाज नाही, स्मृतीचं कामच तसं चालतं.

आता समजा, डिसेंबर 1981 मध्ये लालबागच्या एखाद्या चाळीतल्या सातवीच्या मुलीने पत्र लिहून बंद केलं असतं. तिने काय लिहावं? बाबा पहिल्या पाळीला निघतात तेव्हा खोलीत कोण जागं असतं. एका खोलीत किती माणसं झोपतात आणि गॅलरीत कोण. नळाला पाणी किती वाजता येतं आणि भरायला कोण उठतं. वाण्याच्या वहीवर काय काय येतं आणि पगार झाला की आधी कुणाचे पैसे फिटतात. गावाला मनीऑर्डर कितीची जाते. घरात संपाची कुजबुज असेल, तर आई त्यावर काय म्हणते. तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नसतं. पण आज अभ्यासकाला नेमकं हेच मिळत नाही. संपाच्या आधीचा संसार, संपाच्या शेवटाची सावली न पडलेला.

इथे शाळा घात करते. पत्र कुपीत जाणार म्हटल्यावर बाई ते तपासतात. खाडाखोड नको, बोलीतले शब्द नकोत, भांडणं नकोत. मग सगळ्या मुली लिहितात की देश प्रगत झालेला असेल, प्रदूषण संपलेलं असेल, मी डॉक्टर होईन. चाळीस पत्रांतून चाळीस वेळा एकच निबंध निघतो. 2062 च्या वाचकाला त्यातून एवढंच कळेल की 2014 साली निबंध कसे लिहायला शिकवत.

मजकूर खरा असला तरी तो टिकला पाहिजे, आणि मुंबईत पहिला शत्रू पाणी आहे. अमेरिकेत टल्सा शहरात 1957 साली काँक्रीटच्या तळघरात एक नवी कोरी मोटार पुरली होती. 2007 साली झाकण काढलं तेव्हा तळघरात पाणी शिरलेलं होतं आणि गाडी गंजून गेली होती. शेजारीच ठेवलेल्या पोलादी डब्यातली कागदपत्रं मात्र शाबूत निघाली, कारण तो डबा हवाबंद केलेला होता. काँक्रीट पाणी अडवत नाही, उशीर तेवढा लावतं. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रबरी वायसरचं झाकण काही वर्षांनी कडक होऊन फटी सोडतं, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या डब्याचं तोंड वेल्डिंगनेच बंद करावं, तेही कोरड्या हवेच्या दिवसांत, नाहीतर पावसाळी दमट हवाच आत कोंडली जाते. सिलिका जेलची पुडी आत राहिलेली ओल शोषते, गळती थांबवत नाही. पत्र बॉलपेनऐवजी पेन्सिलीने लिहावं. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही आणि फिकटही होत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं पत्राला चिकटवून ठेवू नयेत, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं आणि ठिसूळ करतं.

दुसरा शत्रू विसर. शाळेची इमारत पाडून नवी बांधतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, आणि कुपी कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, प्रती. 1855 साली फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो कुणी जमिनीत पुरला नाही. ‘ज्ञानोदय’ने तो त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये छापला, अंक जपले गेले, आणि दीड शतकानंतरही अनोळखी माणसं तो वाचत आहेत. मराठीतल्या शाळकरी मुलीच्या लिखाणाने काळ ओलांडल्याचं याहून मोठं उदाहरण माझ्यासमोर नाही. तिच्या सोबत शिकणाऱ्या मुलींनीही काही ना काही लिहिलं असेलच. त्यांच्या शब्दांना असा आधार मिळाला नाही.

म्हणून कालकुपीचा बेत करणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे. मुलींची पत्रं तपासू नका. त्यांना आजचा दिवस लिहू द्या, भाकीत नको. प्रत्येक पत्राची एक प्रत मुलीच्या आणि घरच्यांच्या संमतीने शाळेबाहेरच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात बंद लिफाफ्यात ठेवा, आणि कुपीची जागा व उघडण्याची तारीख तिथल्याही नोंदवहीत लिहा. हे काम केवळ नामवंत शाळांचं नाही. परळ, लालबाग, दादर, गिरगावातल्या महापालिका शाळांमधल्या मुलींचीही पत्रं यात हवीत, कारण त्यांची घरं पुनर्विकासात सर्वांत झपाट्याने बदलत आहेत. या वर्षी लिहून घेतली नाहीत, तर ती घरं जशी आज आहेत तशी कुणालाच वाचता येणार नाहीत.