वजनावर विकली जाणारी बॅटरी

इंदूरमधल्या विजय नगरात कचऱ्याची गाडी दारात येते तेव्हा लोक ओला, सुका, प्लॅस्टिक, ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे करून देतात. त्या गाडीत एक वस्तू मात्र सहसा पडत नाही: इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. नवी बसवायला आलेला माणूसच ती उचलून नेतो आणि तिची रक्कम बिलातून वजा होते. वस्तू परत घेण्याच्या व्यवहाराचं इतकं रुळलेलं उदाहरण घरातल्या दुसऱ्या वस्तूंत क्वचितच सापडतं.

त्यामागे शिसं आहे. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी आम्लासकट साधारण पंचावन्न किलो भरते आणि त्यातलं निम्म्याहून अधिक वजन शिशाचं असतं. शिसं कितीही वेळा वितळवून शुद्ध केलं तरी त्याचा दर्जा उतरत नाही, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही काही हजार रुपये मिळतात. दुकानदारांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्यात असं २००१च्या नियमांत लिहिलं गेलं, आणि २०२२च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक ठामपणे टाकली. पण बाजाराला ओढणारी शक्ती शिशाचा भावच आहे.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा भाव वजनावर आणि अँपिअरवर ठरतो. बॅटरी किती वर्षं चालली याच्याशी त्याचा संबंध नसतो. तीन वर्षांत बसलेल्या आणि सात वर्षं टिकलेल्या बॅटरीला मोडीत सारखेच पैसे मिळतात. उलट लवकर बसलेली बॅटरी दुकानदाराला लवकर नवं गिऱ्हाईक देते.

बॅटरी अकाली का बसते, ते पाहावं. चार्ज होताना पाण्याचं विघटन होऊन वायू निघून जातात आणि आम्लाची पातळी उतरते. इंदूरच्या उन्हाळ्यात, गच्चीखालच्या कोंडलेल्या कोनाड्यात हे आणखी वेगाने होतं. प्लेटा उघड्या पडल्या की तो भाग वाळतो, कडक होतो आणि पुन्हा कामाला येत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. उपाय साधा आहे: दर दोन-तीन महिन्यांनी फ्लोटचे दांडे पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांना मारतात, आणि आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं.

दुरुस्तीची वाट मात्र अरुंद आहे. प्लेटा बदलून देणारे कारागीर मिळतात, पण खोके फोडून शिसं हाताळण्याचं ते काम संरक्षणाशिवाय चालतं, आणि अशा बॅटरीची क्षमता सांगता येत नाही. व्होल्टमीटरवर साडेबारा व्होल्ट दिसले तरी ते फसवं असतं. खरी परीक्षा भाराखाली होते. पूर्ण चार्ज करून ३०० वॉटचे पंखे-दिवे लावावेत. नवी १५०ची बॅटरी साधारण पावणेचार-चार तास पुरते. दीड तासात इन्व्हर्टर ओरडू लागला तर निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली आहे.

भाड्याने देण्याच्या पद्धतीत हितसंबंध बदलतात. बॅटरी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि घराने दर महिन्याला बॅकअपचे पैसे दिले, तर पाणी घालायला माणूस पाठवणं कंपनीच्याच फायद्याचं ठरतं, कारण एकेक जास्तीचं वर्ष तिची कमाई असते. अडचणीही आहेत. भांडवल आधी गुंतवावं लागतं, आणि बसलेली बॅटरी घरच्यांच्या निष्काळजीने बसली की मुळातच सदोष होती, हा वाद सुटत नाही. छोट्या दुकानदाराला हे झेपणार नाही. त्याला झेपेल असं मधलं रूप वार्षिक देखभालीचं आहे: पाणी, टर्मिनलची सफाई आणि वर्षातून एकदा भाराखालची चाचणी, तिचा आकडा कार्डावर लिहून. जुन्या बॅटरीची रक्कम त्या कार्डानुसार थोडी वाढवली, तर टिकवणाऱ्याला पहिल्यांदाच काही मिळेल.

दुसरी चिंता बॅटरी गेल्यानंतरची आहे. परवानाधारक पुनर्वापर केंद्राला आम्लाचं उदासीनीकरण, धूर गाळण्याची यंत्रणा आणि कर यांचा खर्च असतो, तर उघड्या भट्टीवाल्याला यातला कुठलाच खर्च नसतो, म्हणून तो भंगाराला जास्त भाव देऊ शकतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, आणि त्याच्या मोठ्या कारणांत बॅटऱ्या अशा तऱ्हेने गाळण्याची गणना होते. जो विक्रेता आम्ल गटारात ओतून ‘सुकी’ बॅटरी मागतो, त्याचा माल बहुधा त्याच भट्टीकडे निघालेला असतो. आम्लासकट उचलणारा, बिलावर जुनी बॅटरी वेगळ्या ओळीत दाखवणारा आणि माल कुठल्या केंद्राकडे जातो ते सांगू शकणारा विक्रेता दोनशे रुपये कमी देत असला, तरी बॅटरी त्यालाच द्यावी.