पट्टी नसलेलं कारण

मशीन लर्निंग शिकायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची गाठ कधी ना कधी ‘टायटॅनिक’शी पडते. 15 एप्रिल 1912 च्या पहाटे बुडालेल्या या जहाजावरच्या प्रवाशांची यादी डेटासेट म्हणून सहज मिळते. त्यात 1309 प्रवासी आहेत. प्रत्येकाचं वय, लिंग, तिकिटाचा वर्ग, भाडं आणि शेवटी तो जगला की नाही हे त्यात नोंदलेलं आहे. यादीतले 500 जण वाचले, 809 गेले.

या यादीवर रँडम फॉरेस्ट चालवायचं, म्हणजे शेकडो डिसिजन ट्री एकत्र करून कोण वाचलं याचा अंदाज बांधायचा. मग `feature_importances_` ही एक ओळ लिहायची की आकडे मिळतात आणि त्यांचा आडव्या पट्ट्यांचा आलेख काढता येतो. सगळ्यात लांब पट्टी बहुधा `sex` या कॉलमची असते. आणि आपण लगेच म्हणून मोकळे होतो, “लिंगामुळे लोक वाचले.”

या वाक्यातला ‘मुळे’ कुठून आला?

आधी पट्टीची लांबी कशी ठरते ते पाहू. झाडाच्या मुळाशी सगळे 1309 प्रवासी एकाच ढिगात असतात. ढीग किती सरमिसळ आहे हे मोजायचं एक माप आहे, त्याला गिनी म्हणतात. सगळे वाचलेले किंवा सगळे गेलेले असतील तर ते शून्य, निम्मेनिम्मे असतील तर 0.5. इथे ते साधारण 0.47 आहे. आता ढीग स्त्री-पुरुष असा विभागला, तर 466 स्त्रियांपैकी 339 वाचलेल्या दिसतात आणि 843 पुरुषांपैकी फक्त 161. दोन्ही ढीग आधीपेक्षा स्वच्छ झाले, सरासरी गिनी 0.34 वर आली. ही 0.13 ची घट `sex` च्या खात्यात जमा होते. त्याऐवजी तिसरा वर्ग एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे असं विभागलं असतं तर घट जेमतेम 0.04 झाली असती. सगळ्या झाडांमधली, सगळ्या फांद्यांवरची अशी घट कॉलमवार मिळवायची, की झाली पट्टी.

म्हणजे पट्टी एवढंच सांगते की ढीग वेगळे करताना हा कॉलम किती कामी आला. ते ढीग मुळात वेगळे का पडले, हा प्रश्न या हिशोबात कुठेच विचारलेला नाही.

साय-किट-लर्न या लायब्ररीच्या माहितीपानांवर याचा एक सुंदर प्रयोग आहे. टायटॅनिकच्या याच यादीत एक नवा कॉलम घातलाय, ज्यात निव्वळ यादृच्छिक आकडे आहेत. फासे टाकून लिहावेत तसे. त्यांचा कुणाच्या जगण्या-मरण्याशी संबंध असणंच शक्य नाही. तरी त्या कॉलमला चांगली लांब पट्टी मिळते. कारण असं, की प्रत्येकाचा आकडा वेगळा असल्यामुळे त्यात कापायच्या जागा भरपूर असतात, आणि खोल वाढलेलं झाड शिकायला दिलेल्या यादीतल्या योगायोगांवरही कापत सुटतं. यावर उपाय आहे. न पाहिलेल्या प्रवाशांची वेगळी यादी घ्यायची, तिच्यातला एकेक कॉलम पिसायचा आणि अंदाज किती बिघडतो ते पाहायचं. मग फाशांची पट्टी गळून पडते. पण `sex` ची राहते, आणि आपला प्रश्नही राहतो.

याच यादीत आणखी एक कॉलम आहे, `boat`. प्रवासी कोणत्या लाइफबोटीतून गेला, तो क्रमांक त्यात आहे. शिकवताना तो सहसा काढून टाकतात, कारण तो ठेवला तर उत्तरच फुटतं. बोट नोंदलेली असेल तर माणूस बहुतेक वाचलेलाच असतो. पण समजा ठेवला. मग `boat` ची पट्टी सगळ्यांना गिळून टाकेल आणि `sex` ची एवढीशी उरेल. त्या रात्री जे घडलं त्यात तर काडीचाही बदल झालेला नाही. स्त्रियांना बोटीत जागा मिळाली म्हणून त्या वाचल्या. लिंगाचा परिणाम बोटीतूनच पोचला होता. मधला टप्पा कॉलम म्हणून दिला की आधीच्या टप्प्याची पट्टी आखडते. जी गोष्ट शेजारी कोण बसलंय यावर लहानमोठी होते, तिला कारणाचं वजन कसं म्हणणार?

बोटीत जागा का मिळाली? ‘आधी स्त्रिया आणि मुलं’ या आदेशामुळे. आणि आदेश माणसं पाळतात, आपापल्या अर्थाने. डाव्या बाजूला अधिकारी लाइटोलर यांनी त्याचा अर्थ ‘फक्त स्त्रिया आणि मुलं’ असा घेतला. उजवीकडे मर्डॉक स्त्रियांना आधी बसवून, जागा उरली तर पुरुषांनाही घेत होते. म्हणजे एखादा पुरुष डेकच्या कोणत्या बाजूला उभा होता, यावर त्याचं जगणं अवलंबून असू शकत होतं. यादीत ‘बाजू’ नावाचा कॉलम नाही. म्हणून तिची पट्टीही नाही.

तीन वर्षांनी, 7 मे 1915 रोजी, टॉर्पेडोने ‘लुसिटानिया’ बुडालं. टायटॅनिकला बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती, याला फक्त अठरा. तिथे स्त्रियांना टायटॅनिकसारखा मोठा फायदा मिळालेला दिसत नाही. पुढे 2012 मध्ये एलिंडर आणि एरिक्सन या स्वीडिश अभ्यासकांनी अठरा सागरी दुर्घटना तपासल्या, तर एकूणात स्त्रियांच्या वाचण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी निघालं. स्त्री असणं हेच कारण असतं तर ते जहाज बदलल्यावर असं उलटलं नसतं. कारण होतं आदेश, तो पाळून घेणारा अधिकारी आणि पाळायला मिळालेला वेळ. `sex` हा कॉलम त्या रात्रीपुरता त्या सगळ्यांच्या वतीने उभा होता.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. टायटॅनिकवर वीस लाइफबोटी होत्या आणि त्यांत 1178 माणसं मावली असती. जहाजावर माणसं होती 2200 हून जास्त. यात कायदाही मोडलेला नव्हता. तेव्हाच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे तर सोळा बोटीही पुरल्या असत्या. ‘बोटींची संख्या’ असा कॉलम केला तर त्यात 1309 वेळा 20 हाच आकडा येईल. सगळीकडे तोच आकडा असला की ढीग कापताच येत नाही. त्याची पट्टी बरोब्बर शून्य लांबीची येईल.

मला वाटतं, हा प्रश्न इथे गणिताचा उरत नाही, नीतीचा होतो. मॉडेल माणसामाणसांतला फरक पाहतं. सगळ्यांना सारखाच लागू असलेला अन्याय त्याला दिसूच शकत नाही. आलेखावर उरतात ती फक्त प्रवाशांची वैशिष्ट्यं: तू पुरुष होतास, तू तिसऱ्या वर्गात होतीस. ज्यांनी नियम केला, ज्यांनी बोटींची संख्या ठरवली, ते आलेखाबाहेर निवांत उभे असतात.

उद्या एखाद्या तालुक्यात कोणत्या मुली शाळा सोडतील याचं मॉडेल कुणी करेल. ‘शाळेपासूनचं अंतर’ या कॉलमची लांब पट्टी येईल आणि अहवालात लिहिलं जाईल, की लांब राहणाऱ्या मुली गळतात. तालुक्यात एकाही गावाला शाळेच्या वेळेत एसटी नसेल, तर त्या गोष्टीची पट्टी शून्य असेल.

म्हणून असा आलेख समोर आला, की मी दोन प्रश्न विचारतो. ही गोष्ट आपण स्वतः हाताने बदलली, तर निकाल बदलेल का? आणि प्रत्येक ओळीत सारखंच असल्यामुळे या यादीत लिहिलंच गेलं नाही, असं काय आहे? पहिल्याचं उत्तर आलेखात नसतं, त्यासाठी प्रयोग करावा लागतो किंवा दुसरं जहाज शोधावं लागतं. दुसऱ्यासाठी यादी मिटून डेकवर जावं लागतं आणि बोटी मोजाव्या लागतात.