माफीचं लोणचं

आमच्या घरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र गेल्या सहा महिन्यांत कुणी उघडलेलं नाही. तरीही त्याचा फिल्टर बदलल्याचं २,३६० रुपयांचं बिल आलं. दोन हजार कामाचे, तीनशे साठ जीएसटीचे. बिलावरचा यंत्राचा क्रमांक मी चष्मा लावून आमच्या यंत्राशी ताडून पाहिला. जुळेना. आमच्याच आडनावाचे एक गृहस्थ सेवाग्राम रस्त्याला राहतात. यंत्र त्यांचं, फिल्टर त्यांचा, बिल तेवढं माझं!

कंपनीला चार फोन केले. दोनदा नुसतं संगीत ऐकलं. दोनदा एक पोरगा म्हणाला, "सॉरी काका, वरती कळवतो." वरती म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नसावं. शेवटी स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. बिलाचा नंबर, दोन्ही यंत्रांचे क्रमांक, फोनच्या तारखा आणि मागण्या दोन: बिल दुरुस्त करा आणि लेखी माफी मागा. मुदत पंधरा दिवस. नंतर ग्राहक आयोग.

शेजारचे भाऊ म्हणाले, "बिल रद्द झालं म्हणजे झालं नं जी! माफीचं काय लोणचं घालता?"

प्रश्न बिनतोड होता. रात्रभर छळत राहिला. माफी मागून घेतली तर ती माफी कसली? पण मग वाटलं, तोंडी माफी मागितली कुणी? ज्याची चूक नव्हती, त्या पोरानं. ज्यांची होती ते वरती. लेखी माफीला निदान कुणाची तरी सही लागते.

आणि वर्ध्यात राहून गांधीजींची चिठ्ठी कशी विसरावी? पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्याचं त्यांनी वडिलांना लिहून दिलं. चूक कबूल केली, शिक्षा मागितली, पुन्हा न करण्याचं वचन दिलं.

बाराव्या दिवशी पाकीट आलं. आत क्रेडिट नोट होती. हिशेबवाल्यांची ही रीत मला फार आवडली. दिलेलं बिल ते खोडत नाहीत. त्याचाच नंबर आणि तारीख घालून तेवढीच रक्कम वजा करणारा दुसरा कागद काढतात. चूक लपत नाही, फिटते. सोबतच्या पत्रात मात्र "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच. गैरसोय म्हणे झाली! जशी थंडी पडते, पाऊस होतो. केली कुणी?

मी ते परत पाठवलं. आठवड्यानं दुसरं आलं: "आमच्याकडून आडनाव पाहून बिल काढले गेले. आपले फोन आम्ही नोंदवले नाहीत. चूक आमची आहे. यापुढे यंत्राचा क्रमांक पाहूनच बिल काढू." खाली व्यवस्थापकांची सही.

वाचून राग गेला. खरंच गेला.

गांधीजींच्या वडिलांनी ती चिठ्ठी फाडून टाकली होती. मी माझी भोक पाडून फायलीला लावली. मन मोठं असावं हे खरं. पण पुढच्या वर्षीही बिल येणारच आहे.