उसने मागावेत की सोडावेत?

शंका : मावसभावाला मुलीच्या फीसाठी 60,000 रुपये उसने दिले, बँकेतून. त्याला दोन वर्षे आठ महिने झाले. मागितले तर नाते तुटेल, असे घरचे म्हणतात. गुरुजींच्या मते हे मागच्या जन्मीचे देणे फिटले. मागितले तर दोष लागेल, त्यासाठी 2,100 रुपयांत शांत करावी. काय करावे?

समाधान : देणे फिटलेच असेल तर शांत कशाची करायची? आणि फिटले नसेल तर मागण्यात दोष कुठून आला? गंमत अशी की, मागच्या जन्मीचा हा हिशेब गुरुजींच्या दक्षिणेला कधी लागू होत नाही. ती याच जन्मी, रोख. घेणेकऱ्याला भीती घालायची आणि त्या भीतीवर पुन्हा त्याच्याचकडून पैसे काढायचे, याला धर्म म्हणू नये. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असा दाखला तुम्हाला कोणी देईलच. पण परंपरा पुढचेही सांगते : धाकट्या कान्होबांच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी आधी भावाच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःची. म्हणजे सोडायचे तर आपले, तेही उघडपणे. तुमच्या साठ हजारांत पत्नीची बचत असेल, तर ती संकोचापोटी परस्पर सोडण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

मागितल्याने नाते तुटते, हे मला पटत नाही. न मागितल्यावर काय होते ते पाहा. तो तुमचा फोन टाळतो, तुम्ही त्याच्या नव्या गाडीकडे डोळे लावता आणि बारशाला दोघे वेगवेगळ्या पंगतीत बसता. तेव्हा मागा, पण भाऊबीजेच्या घोळक्यात नको आणि मावशीकरवी तर मुळीच नको; तिसऱ्याच्या तोंडून गेलेला निरोप तगादाच वाटतो. एकट्याला फोन करा, रक्कम स्पष्ट सांगा आणि वाट मोकळी ठेवा : “दादा, मुलीच्या फीचे ते साठ हजार राहिलेत. एकदम नको, महिन्याला पाच जमतील का?” बारा महिन्यांत फिटतील. स्वतःची खोटी अडचण मात्र सांगू नका. ती उघडी पडली की खरे पैसेही खोटे वाटू लागतात.

त्याने होकार दिला की दोन ओळींची चिठ्ठी त्याच्या सहीने, तारखेसह घ्या. हा अविश्वास नव्हे का, असे तुम्ही विचाराल. पण उद्या दोघांपैकी एक नसला, तर मुलांमध्ये आकड्यावरून वाद नको. शिवाय परतीची मुदत ठरलेली नसेल, तर अशा उसनवारीची कायदेशीर मुदत दिल्या दिवसापासून तीन वर्षे असते. तुमचे चारच महिने उरलेत. मुदतीच्या आत लेखी, सहीची कबुली मिळाली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. तोंडी “देतो रे” याने काही होत नाही. कोर्टात जायचे नसले तरी ही तारीख माहीत असावी, कारण मुदत उलटल्यावर फक्त त्याची सचोटी उरते. त्याने खरोखरच हात वर केले आणि पत्नीचीही तयारी असेल, तर त्यालाच सांगा, “दादा, हे आता धरू नकोस.” मग पुन्हा कुठल्याही लग्नकार्यात तो आकडा काढायचा नाही. 2,100 रुपये मात्र घरीच ठेवा.